वेबसाइटच्या मेनूसाठी कार्ड सॉर्टिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेनूत कोणती गोष्ट कोणत्या नावाखाली जावी, हे वापरणाऱ्यांकडून कसं समजून घ्यायचं, याबद्दलचे हे प्रश्न आहेत. उत्तरांमध्ये सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे : एका सार्वजनिक ग्रंथालयाची वेबसाइट, 34 कार्डं आणि 16 वाचक. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण त्यात दिसणारे गोंधळ मी जवळजवळ प्रत्येक सेशनमध्ये पाहिले आहेत.

कार्ड सॉर्टिंगमध्ये प्रत्यक्ष काय करतात?

वेबसाइटवर जी पानं किंवा कामं आहेत, त्यातलं एकेक एका कार्डावर लिहायचं. कार्डं पिसून एका माणसासमोर ठेवायची आणि त्याला म्हणायचं, "जी कार्डं एकत्र असावीत असं तुम्हाला वाटतं, ती एकत्र ठेवा." गठ्ठे लावून झाले की प्रत्येक गठ्ठ्याला त्यानेच नाव द्यायचं. आपण ते उतरवून घ्यायचं आणि कार्डं पुन्हा पिसून दुसऱ्या माणसासमोर ठेवायची. पुरेशी माणसं झाली की कोणती कार्डं वारंवार एकत्र येतात ते दिसू लागतं.

हे करावं लागतं, कारण वेबसाइट बांधणारे लोक कामाची विभागणी बघून मेनू लावतात. आपल्या ग्रंथालयात "उशिराचा दंड भरणे" हे पान "शुल्क व हिशेब" या नावाखाली होतं, कारण दंडाचे पैसे हिशेबनीस घेतात. वाचकाला दंड आठवतो तो हातातलं पुस्तक परत करायला उशीर झाल्यावर. त्याच्या दृष्टीने दंड ही पुस्तकाच्या देवघेवीतली गोष्ट आहे. 16 पैकी 13 जणांनी हे कार्ड "घेतलेल्या पुस्तकाची मुदत वाढवणे" या कार्डाशेजारी ठेवलं. "सभासद शुल्क" या कार्डाबरोबर ते फक्त 3 जणांनी ठेवलं.

गठ्ठ्यांची नावं आपण आधीच द्यायची की लोकांना ठरवू द्यायची?

मेनू नव्याने लावायचा असेल तर लोकांनाच ठरवू द्या. याला ओपन सॉर्ट म्हणतात. नावं आधीच देऊन त्यांत कार्डं टाकायला सांगणं म्हणजे क्लोज्ड सॉर्ट, आणि दिलेल्या नावांत हवी तर भर घालू देणं म्हणजे हायब्रिड.

क्लोज्ड सॉर्टमध्ये एक धोका असतो. दिलेल्या नावांपैकी एकही पटलं नाही तरी माणूस कार्ड कुठेतरी टाकतोच, आणि निकालात ते ठाम मत असल्यासारखं दिसतं. मेनू पक्का आहे आणि दोन-चार नवी पानं कुठे घालायची एवढाच प्रश्न असेल, तेव्हाच मी तो वापरते.

कार्डं किती असावीत आणि त्यावर काय लिहावं?

30 ते 50 हा सोयीचा आकडा आहे. 30 पेक्षा फार कमी असतील तर गठ्ठे पडायला पुरेसा माल नसतो. 50 च्या वर गेलं की शेवटची दहा-पंधरा कार्डं माणूस दमून कुठेही टाकू लागतो. वेबसाइटवर दोनशे पानं असली तरी सगळी घ्यायची गरज नाही. एकाच जातीच्या दहा पानांमधून दोन-तीन प्रतिनिधी निवडा.

सगळी कार्डं एका पातळीची हवीत. "ई-पुस्तके" आणि "ई-पुस्तक मोबाइलवर उघडत नसेल तर" ही दोन कार्डं एकत्र दिली की लोक पहिल्याला शीर्षक समजतात आणि दुसरं त्याखाली लावतात. मग तो गठ्ठा त्यांनी विचार करून केला की तुमच्या कार्डाने करवून घेतला, हे कळायला मार्ग राहत नाही. "मुख्य पान", "संपर्क", "लॉगिन" अशी कार्डं वगळा. त्यांची जागा ठरलेली असते आणि ती फक्त वेळ खातात.

कार्डावरच्या शब्दांमुळे निकाल बदलू शकतो का?

बदलतो, आणि कार्ड सॉर्टिंग फसण्याचं मी पाहिलेलं सर्वांत मोठं कारण हेच आहे. माणूस अर्थापेक्षा आधी शब्द जुळवतो. आपल्या उदाहरणात पहिल्या चाचणीसाठी ही कार्डं लिहिली होती :

पुस्तक शोधणे
पुस्तक राखून ठेवणे
पुस्तक भेट देणे
पुस्तक हरवल्यास

चाचणीला बसलेल्या तिघांनीही ही चारही कार्डं एकाच गठ्ठ्यात ठेवली आणि गठ्ठ्याला नाव दिलं "पुस्तक". निकाल एकमताचा दिसत होता, पण त्या गठ्ठ्यातून काहीच कळत नव्हतं. घरातली जुनी पुस्तकं ग्रंथालयाला द्यायला आलेला माणूस आणि हवी ती प्रत दुसऱ्याकडे आहे म्हणून वाट पाहणारा माणूस, हे दोघं वेबसाइटवर अगदी वेगळ्या हेतूने येतात.

म्हणून शब्द बदलले. "पुस्तक राखून ठेवणे"चं झालं "दुसऱ्या वाचकाकडे असलेली प्रत आपल्यासाठी राखणे". "पुस्तक भेट देणे"चं झालं "घरी वाचून झालेले ग्रंथ ग्रंथालयाला देणे". यानंतर राखण्याचं कार्ड मुदतवाढ आणि दंडाकडे सरकलं, तर ग्रंथ देण्याचं कार्ड "स्वयंसेवक होणे" आणि "देणगी" यांच्याजवळ गेलं.

मराठीत हा सापळा जास्त जाणवतो, कारण आपल्या पानांची नावं ठरावीक साच्यात पडतात : अमुक नोंदणी, तमुक नोंदणी, अमुक अर्ज, तमुक अर्ज. "सभासद नोंदणी" आणि "कार्यक्रमासाठी नोंदणी" ही कार्डं शेजारी आली तर त्याचं श्रेय बहुधा "नोंदणी" या शब्दाचं असतं. कार्डं छापण्याआधी सगळी टेबलावर मांडा, तोच शब्द दोनपेक्षा जास्त कार्डांवर दिसला तर खूण करा आणि ती कार्डं पुन्हा लिहा. वाक्य लांबलं तरी हरकत नाही. कार्डावरचे शब्द उद्या मेनूत जाणार नसतात.

आतल्या लोकांची भाषाही काढून टाका. "परिसंचरण विभाग" किंवा "ओपॅक" हे ग्रंथपालाला रोजचे शब्द आहेत. वाचक ते कार्ड हातात घेतो, उलटसुलट बघतो आणि बाजूला ठेवतो.

किती माणसं लागतात?

पंधराच्या आसपास. या आकड्यामागे टॉम टुलिस आणि लॅरी वूड यांचा 2004 सालचा अभ्यास आहे. त्यांनी 46 कार्डं 168 जणांकडून लावून घेतली आणि मग कमी माणसांचा निकाल सगळ्यांच्या निकालाशी किती जुळतो ते तपासलं. 15 जणांच्या निकालाचा सहसंबंध सुमारे 0.90 आला, 30 जणांचा सुमारे 0.95. म्हणजे माणसं दुप्पट केली तरी फार थोडं हाती लागतं.

इथे एक सूचना महत्त्वाची. हे पंधरा जण एका प्रकारचे वापरकर्ते धरून आहेत. ग्रंथालयात कथा-कादंबऱ्या नेणारे वाचक आणि अभ्यासिकेत बसायला येणारे विद्यार्थी यांच्या गरजा खरोखर वेगळ्या असतील, तर दोन्ही गटांतून स्वतंत्र पंधरा-पंधरा घ्या आणि निकाल आधी वेगवेगळे बघा. कर्मचाऱ्यांना मात्र या गणतीत घेऊ नका. त्यांच्याकडून कार्डं जरूर लावून घ्या, पण ती तुलनेसाठी वेगळी ठेवा.

समोर बसून करावं की ऑनलाइन?

शक्य असेल तर निदान सहा-सात जण समोर बसवा, बाकीचे ऑनलाइन चालतील. ऑनलाइन साधनं आकडे आपोआप देतात, पण कार्ड हातात धरून थबकलेला माणूस त्यांत दिसत नाही. आणि पुढे दिसेल की निर्णय घेताना ते थबकणंच कामी येतं.

सेशन चालू असताना काय बोलावं?

सुरुवातीला एवढंच : "यात बरोबर-चूक काही नाही. हवे तितके गठ्ठे करा. एखादं कार्ड समजलं नाही तर बाजूला ठेवा. मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा." नंतर गप्प बसा. 34 कार्डांना साधारण अर्धा तास लागतो.

"हे कुठे ठेवू?" असं विचारलं तर उत्तर देऊ नका. "तुम्ही ते कुठे शोधलं असतं?" असं उलट विचारा. कार्ड एका गठ्ठ्यातून दुसऱ्यात गेलं की कागदावर टिपून ठेवा : कोणतं कार्ड, कुठून कुठे, आणि त्या वेळी ते काय म्हणाले. "हे दोन्हीकडे बसतंय" हे वाक्य ऐकलं की कार्डाचा क्रमांक आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा.

एकच कार्ड दोन गठ्ठ्यांत ठेवायचंय असं कुणी म्हणालं तर आधी एक जागा निवडायला लावा आणि दुसरी टिपून घ्या. गठ्ठ्यांना नावं मात्र सर्वांत शेवटी मागा. सुरुवातीलाच नाव दिलं की माणूस त्या नावाला चिकटतो आणि पुढची कार्डं त्यात बसवू लागतो.

आकडे कसे काढायचे? खास सॉफ्टवेअर लागतं का?

लागत नाही, स्प्रेडशीट पुरते. एका ओळीत एक कार्ड, एका स्तंभात एक माणूस. त्या माणसाने ते कार्ड ज्या गठ्ठ्यात ठेवलं त्याचा क्रमांक खान्यात लिहा. पहिल्या माणसाचा गठ्ठा 2 आणि दुसऱ्याचा गठ्ठा 2 यांचा एकमेकांशी संबंध नसला तरी चालतं, कारण तुलना प्रत्येक माणसाच्या स्तंभापुरतीच होते.

16 माणसं B ते Q या स्तंभांत असतील, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतली कार्डं किती जणांनी एकत्र ठेवली हे असं निघतं :

```
=SUMPRODUCT((B2:Q2=B3:Q3)*(B2:Q2<>""))
```

दुसरा कंस विसरू नका. "समजलं नाही" म्हणून बाजूला ठेवलेल्या कार्डाचा खाना रिकामा असतो. दोन रिकामे खाने सूत्राला सारखेच वाटतात आणि न समजलेली कार्डं "एकत्र ठेवली" म्हणून मोजली जातात.

34 कार्डांच्या 561 जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा आकडा एका चौकोनी तक्त्यात भरा आणि मोठ्या आकड्यांना गडद रंग द्या. मग सारखी कार्डं शेजारी येतील अशा ओळी सरकवत राहा, की गडद चौकोन आपोआप दिसू लागतात. यालाच साम्य-तक्ता म्हणतात. ऑनलाइन साधनं यावरून डेंड्रोग्राम नावाचं झाडासारखं चित्रही काढून देतात. ते पटकन कळतं, पण प्रत्येक कार्डाला ते एकाच फांदीवर बसवतं. दोन जागी ओढलं जाणारं कार्ड त्यात हरवतं, म्हणून मी तक्ता हातचा सोडत नाही.

किती जणांनी एकत्र ठेवलं म्हणजे ती कार्डं एकत्र धरायची?

ठरलेली रेघ नाही. मी साधारणपणे तीन चतुर्थांशाच्या वरच्या जोड्या पक्क्या धरते आणि तिथे वेळ घालवत नाही. "मुदत वाढवणे" आणि "उशिराचा दंड" ही जोडी 16 पैकी 13, म्हणजे 81 टक्के होती. ती थेट एका नावाखाली गेली. पाचाहून कमी लोकांनी केलेल्या जोड्याही सोडून देते. खरं काम मधल्या पट्ट्यात असतं.

निम्मे लोक एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे, असं झालं तर?

तर तिथे थांबा आणि नोंदी काढा, कारण 50 टक्क्यांच्या आकड्यामागे दोन अगदी निराळ्या गोष्टी असू शकतात.

"मुलांची पुस्तके" हे कार्ड घ्या. 9 जणांनी ते "मुलांसाठी गोष्टींचा तास" या कार्डाबरोबर ठेवलं. 6 जणांनी ते "ई-पुस्तके" आणि "नवीन आलेली पुस्तके" यांच्यात ठेवलं. उरलेल्या एकाने ते एकटंच ठेवलं. नोंदींमध्ये कारण स्वच्छ दिसत होतं. पहिल्या नऊ जणांपैकी अनेक जण "माझ्या मुलीला घेऊन येते तेव्हा" अशा प्रकारचं काहीतरी बोलले होते. त्यांनी कुणासाठी हे बघून गठ्ठे केले. बाकीच्यांनी वस्तू कोणती हे बघून केले. दोन्ही मांडण्या आपापल्या जागी पूर्ण होत्या, कुणीही घोटाळ्यात नव्हतं. अशा वेळी सरासरी काढून एक बाजू निवडली की दुसऱ्या बाजूचे सगळे वाचक पान शोधत राहतात. इथे "मुलांसाठी" हे नाव मेनूत घेतलं, आणि "पुस्तके" या नावाखालीही मुलांच्या पुस्तकांचा दुवा ठेवला.

आता दुसरं कार्ड : "अभ्यासिकेत जागा मिळवणे". 7 जणांनी ते "सभागृह वापरायला घेणे" याबरोबर ठेवलं, 5 जणांनी "प्रत राखणे" याबरोबर, बाकीचे विखुरले. आकडा वरवर पहिल्यासारखाच वाटतो. पण नोंदीत अकरा जणांनी हे कार्ड निदान एकदा हलवलं होतं, आणि चौघांनी विचारलं होतं, "म्हणजे पैसे भरून जागा घ्यायची, की जाऊन बसायचं?" इथे डोक्यातली मांडणी दोन प्रकारची नव्हती. कार्डच संदिग्ध होतं. त्यावर दोन ठिकाणी दुवा देण्याचा उपाय चालत नाही. आधी ग्रंथालयाला विचारून ते पान नक्की कशाचं आहे ते ठरवावं लागलं. ते रोजच्या टेबलाच्या आरक्षणाचं निघालं. कार्ड "अभ्यासिकेतलं टेबल उद्यासाठी आरक्षित करणे" असं नव्याने लिहून आणखी सहा जणांना दिलं, तेव्हा पाच जणांनी ते सभागृहाशेजारी ठेवलं.

फरक ओळखण्याची खूण अशी : दोन मांडण्या असतील तर माणूस कार्ड झटकन ठेवतो, फक्त जागा वेगवेगळी असते. संदिग्ध कार्ड हातात रेंगाळतं. ऑनलाइन निकालात दोन्ही सारखेच दिसतात. समोर माणसं बसवायचा आग्रह मी धरते तो यासाठी.

लोकांनी गठ्ठ्यांना दिलेली नावंच मेनूत वापरायची का?

जशीच्या तशी क्वचितच. देवघेवीच्या गठ्ठ्याला 16 जणांनी अकरा वेगवेगळी नावं दिली. पण ती एका यादीत लिहून बघा. "माझी पुस्तके", "मी घेतलेली पुस्तके", "माझं खातं" अशा सात नावांत "मी" किंवा "माझं" होतं. कार्डांवर तो शब्द कुठेच नव्हता, तरी लोकांनी तो आणला. म्हणून मेनूत "देवघेव" ऐवजी "माझी घेतलेली पुस्तके" असं नाव धरलं. यादीतून नाव निवडण्यापेक्षा तिच्यात परत परत येणारा शब्द शोधा.

"इतर" नावाचा गठ्ठा फार मोठा झाला. काय करावं?

त्यात प्रत्येकाकडे तीच कार्डं आहेत का ते बघा. तीच असतील तर ती कार्डं समजली नाहीत किंवा त्यांचं आणखी एखादं भावंड कार्डांत घ्यायचं राहिलं. वेगवेगळी असतील तर लोक दमले होते, पुढच्या वेळी कार्डं कमी करा. कुठल्याही परिस्थितीत तो गठ्ठा "इतर" किंवा "अधिक माहिती" म्हणून मेनूत नेऊ नका.

गठ्ठे ठरले म्हणजे मेनू ठरला का?

अजून नाही. कार्डं लावताना माणसाला सगळी कार्डं एकदम दिसत असतात. मेनूसमोर तो एक काम मनात घेऊन येतो आणि त्याला दिसतात फक्त पाच-सहा नावं. लावणं आणि शोधणं ही वेगळी कामं आहेत, म्हणून दुसरं वेगळं तपासावं लागतं. त्याला ट्री टेस्टिंग म्हणतात.

मेनूची नावं आणि त्याखालच्या ओळी साध्या अक्षरांत लिहा, रंग-चित्रं काही नको. ज्यांनी कार्डं लावली नाहीत अशी माणसं घ्या आणि त्यांना काम सांगा. सांगताना मेनूतला शब्द उच्चारू नका. "मुदत कुठे वाढवाल?" असं विचारलं तर ते फक्त अक्षरं जुळवतील. असं विचारा : "पुस्तक उद्या परत द्यायचं आहे, पण अर्धंच वाचून झालंय. कुठे जाल?" पहिलं बोट कोणत्या नावावर गेलं आणि मागे फिरावं लागलं का, हे दोन्ही टिपा.

आपल्या उदाहरणात 20 जणांपैकी 18 जण मुदतवाढीला सरळ पोहोचले. अभ्यासिकेच्या टेबलाला मात्र 9 जणच पोहोचले, आणि चुकलेल्यांपैकी 8 जणांनी आधी "उपक्रम" उघडलं होतं. गठ्ठा बरोबर होता, नाव फसलं होतं : सभागृह आणि अभ्यासिका यांना मिळून मेनूत "सुविधा" म्हटलं होतं, आणि "सुविधा" या शब्दातून आत टेबल असेल हे कुणाला सुचत नव्हतं. नाव बदलून "अभ्यासिका व सभागृह" केलं. नव्या 20 जणांत 17 जण पहिल्याच बोटात पोहोचले. कार्डं पुन्हा लावून घ्यावी लागली नाहीत.